फ्री झालीस की कॉल कर ना

मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत होते आणि शेजारी ठेवलेला फोन उजळला. मिरजेची मैत्रीण. पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, एकमेकींच्या घरी जेवलो, पुढे ती मिरजेतच राहिली आणि मी पुण्याला आले. अलीकडे आमचं बोलणं वाढदिवस आणि ईद-दिवाळीपुरतं उरलं होतं. तर त्या दुपारी तिची ही ओळ आली:

Hiii ga, kashi aahes? Kitne din huye re, ekdamich bhool gayi kya mereku? Free zalis ki call kar na

वाचता वाचता तिचा आवाजच कानात आला, शेवटच्या ‘ना’वरची ओढ आणि ‘मेरेकू’वरचा तो थोडासा रुसवा. मी लगेच लिहायला घेतलं, ‘मी मजेत आहे. तू कशी आहेस? सवड मिळाली की नक्की फोन करते.’ पाठवण्याआधी एकदा वाचलं आणि अंगठा तिथेच थांबला. वाक्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. विचारलेल्याचं उत्तर होतं, आपुलकी होती, शुद्धलेखनही ठीक होतं. तरी ते पुण्यातल्या एखाद्या दूरच्या काकूंना लिहिल्यासारखं वाटत होतं. ते पुसून टाकलं. मग इंग्रजीत लिहिलं, तेही पुसलं. डबा संपला, हात धुऊन झाले, तरी उत्तर काही गेलं नव्हतं.

तिने तीन भाषांत हाक मारली होती, आणि मी एकीतच ओ देत होते.

संध्याकाळी बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली तेव्हा ती ओळ पुन्हा काढून बसले. घाईत लिहिलेली, एका दमातली. पण तिच्यातली एकेक भाषा आपापलं काम नेमकं करून जात होती. ‘हाय’ने दार उघडलं. नमस्कार म्हणायला आम्ही काही एकमेकींच्या विहिणी नाही, आणि ‘काय गं’ हे समोरासमोर, खांद्यावर थाप मारत म्हणायचं. इतक्या दिवसांनी दारात उभं राहताना थोडं हलकं, कुणालाच न अवघडवणारं काहीतरी लागतं, ते ‘हाय’मध्ये मिळतं. पण त्याच्या मागोमाग आलेल्या ‘गं, कशी आहेस’ने नातं पक्कं करून टाकलं. मी बाई आहे हे ‘गं’ने आणि ‘कशी’तल्या दीर्घ ईकाराने सांगितलं, एकेरीतली आहे हे ‘आहेस’च्या शेवटच्या ‘स’ने. इंग्रजीत हाच प्रश्न बॉसलाही विचारता येतो आणि भाजीवाल्यालाही, तिथे समोरचा माणूस कोण ते कळायला जागाच नाही. मराठीत ते लपवता येत नाही. मग तक्रार आली, ती तिच्या घरच्या बोलीत, दखनी उर्दूत. आणि काम शेवटी.

त्या तक्रारीपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले. ‘मला अगदीच विसरलीस का’ असं तिने लिहिलं असतं तर मला ते लागलं असतं. माझ्या घरी मराठीत जी भांडणं झाली ती खरी होती. ‘विसरलीस का’ हे आईने विचारलं की त्याच्या मागे काहीतरी राहिलेलं, चुकलेलं असायचं. पण आम्हा दोघींचे रुसवेफुगवे लहानपणापासून तिच्या बोलीतच चालत. ‘एकदमीच भूल गयी क्या मेरेकू’ यात तक्रार पूर्ण आहे, एक कणही कमी नाही, पण तिच्याशेजारी बसायला जागाही ठेवलेली आहे. तिला हे असं तपासून लिहावं लागलेलं नाही. अंगठा आपसूक त्या बोलीकडे वळला असणार.

घरी आल्यावर मुलीने खांद्यावरून ती ओळ वाचली. तिला सगळं समजलं, एक सोडून. ‘आई, आधी गं म्हणते आणि मग रे का म्हणते?’ प्रश्न बरोबर होता. पुण्यात वाढलेल्या मुलीला ‘रे’ म्हणजे मुलगाच दिसणार. पण मैत्रिणीच्या घरात ‘क्या रे’ हे बहिणीलाही म्हणत आणि आईलाही. म्हणजे त्या एका ओळीत मला आधी मराठीने हाक मारली आणि नंतर दखनीने, आणि दोन्ही हाका आपापल्या घरच्या नियमाने बरोबर होत्या. भाषा कुठे बदलली हे दाखवायला तिने वेगळी खूण केली नव्हती, तरी ‘रे’पर्यंत उंबरा ओलांडला गेला हे मिरजेच्या माणसाला लगेच कळतं.

मिरजेत हे कुणाला शिकवावं लागत नाही. स्टेशनवर बेळगाव-विजापूरकडची माणसं उतरतात, कित्येक दवाखान्यात दाखवायला आलेली असतात. रिक्षावाला त्यांच्याशी कन्नडमध्ये भाडं ठरवतो, वळून दुसऱ्या रिक्षावाल्याला दखनीत काहीतरी ओरडतो आणि चौकातल्या पोलिसाशी मराठीत बोलतो. दर्ग्याकडे जाताना सतारमेकरांच्या दुकानांवरून गेलं की आत भोपळ्यावर काम करणारे कारागीर आपसांत एक बोलत आणि धारवाडहून आलेल्या गिऱ्हाईकाशी दुसरं. लहानपणी मला या वेगवेगळ्या भाषा आहेत असं वाटायचंच नाही. माणूस बदलला की बोलणं बदलतं, इतकंच वाटायचं.

कॉलेजात गेल्यावर एक गोष्ट वाचली आणि चकित झाले. आमच्या शेजारचं कुपवाड जगभरच्या भाषाशास्त्राच्या अभ्यासक्रमांत आहे. मिरजेहून सांगलीकडे जाताना लागणारं, आता महापालिकेत असलेलं, आमच्या लेखी एमआयडीसीचं कुपवाड! जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी तिथल्या बोलण्यावर लिहिलेला लेख 1971 साली छापून आला. गावात जैनांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, आणि एकमेकांशी बोलताना बरेचदा मराठी. शतकानुशतकं हे असंच चाललेलं. त्यांना दिसलं ते असं की घराघरांतले शब्द वेगळेच राहिले, पण वाक्यांची बांधणी हळूहळू एक होऊन गेली. त्यांचं एक उदाहरण मला पाठ आहे. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, तर तिथल्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. एकाखाली एक लिहून बघा. प्रत्येक तुकड्याखाली बरोबर त्याच कामाचा तुकडा येतो. कन्नड वाक्यही त्याच क्रमाने चालतं. शब्द बदलत गेले की भाषा बदलते, वाक्य हलवावं लागत नाही.

मैत्रिणीची दखनी त्याच मातीतली. ‘एकदमीच’मधला तो शेवटचा ‘च’ बघा. उत्तरेकडच्या हिंदीत तिथे ‘ही’ आलं असतं. हा ‘च’ मराठीने दखनीला कधीचाच दिलेला आहे, ‘नको’ तिकडे जाऊन ‘नक्को’ झाला तसाच. म्हणून ‘उंबरा ओलांडला गेला’ असं मी जे वर म्हटलं तेही अर्धंच खरं आहे. ती जिथे गेली तिथे मराठी आधीपासून राहत होती. आणि आमच्या घरच्या मराठीतही तिकडचं पुष्कळ आलेलं होतं, फक्त ते आलेलं आहे हे मला पुण्यात आल्यावर लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

आता शेवटचा तुकडा. ‘फ्री झालीस की कॉल कर ना.’ फ्री इंग्रजी, कॉल इंग्रजी, पण दोन्हींना स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही. एकाला ‘झालीस’ धरून आहे, दुसऱ्याला ‘कर’. इंग्रजी क्रियापद आमच्याकडे येतं ते नाम किंवा विशेषण होऊन, आणि चालवायला मराठी क्रियापद सोबत घेऊन येतं. काळ, लिंग, एकवचन-अनेकवचन, सगळं त्या सोबतच्याकडे असतं. नामांचंही तसंच. मेसेज आला, लिंक आली, बिल आलं. हे लिंग कुणी ठरवलं कुणास ठाऊक, पण ‘मेसेज आली’ म्हटलं की आठ वर्षांचं पोरही हसतं. प्रत्यय मराठीचा आणि शब्द इंग्रजी असं ‘ऑफिसला’, ‘क्लासमध्ये’ सर्रास चालतं. उलटं होत नाही. इंग्रजीतलं ‘टू’ किंवा ‘इन’ घेऊन ते ‘घर’पुढे लावणारं मिरजेत मला कुणी भेटलेलं नाही. म्हणजे या सरमिसळीलाही आतून नियम आहेत, आणि ते न शिकता सगळे पाळतात.

पण मला खरी गंमत वाटली ती ‘कर ना’ची. हे दोन शब्द कोणत्या भाषेतले? मराठीत ‘कॉल कर ना’, हिंदीत ‘कॉल कर ना’, दखनीतही तेच. अशा सामाईक शब्दावर उभं राहून माणूस सहज एकीकडून दुसरीकडे पाय टाकतो. रेल्वेचे रूळ जिथे बदलतात तिथे गाडी थांबत नाही, फक्त थोडा खडखडाट होतो, तसं. तिने ओळ अशा जागी संपवली होती की मी पुढे कोणत्याही बाजूने सुरू करू शकले असते. ते तिने मुद्दाम केलं असेल असं नाही. पण मला त्यात एक मोकळीक दिसली.

हे रोमन लिपीत का, असंही मुलीने विचारलं. ती स्वतः बोलून टाइप करते, देवनागरी तिला एका बटणावर मिळते. आमचं लिहिणं बटणांच्या फोनवर घडलं. पाचच्या बटणावर जे, के, एल. चारवर जी, एच, आय. सातवर चार अक्षरं, त्यातलं एस शेवटचं. ‘कशी’ हा दोन अक्षरी शब्द रोमनमध्ये उमटवायला बटण बारा वेळा दाबावं लागायचं. आमच्या हातातल्या साध्या फोनांना देवनागरी येतच नव्हती, आणि ज्यांना येई त्यांना ती महाग पडे. रोमनमधल्या एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावत, देवनागरी वापरली की तोच एसएमएस 70 वर संपे, आणि त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात. ‘कशी आहेस’ रोमनमध्ये अकरा जागा घेतं आणि देवनागरीत आठच, म्हणजे देवनागरी खरं तर आटोपशीर. पण 160 आणि 70 मधला फरक त्याने भरून निघत नाही. पॅक मारलेला असायचा, त्यात मोजके एसएमएस, आणि दिवाळी-ईदच्या दिवशी पॅक चालतच नसे. मग आदल्या रात्रीच शुभेच्छा पाठवून ठेवायच्या.

रोमनमध्ये आमची अक्षरं हरवली, हे खरं आहे आणि मला त्याचं वाईटही वाटतं. ळ गेला, ण गेला. चाकातला च आणि चहातला च एक झाले. पण माणसांनी त्यातूनही खुणा काढल्या. तिच्या ओळीतलं ‘zalis’ बघा. तिथे जे-एच न लिहिता झेड लिहिलाय, कारण मराठीतलं ‘झाली’ आपण तसंच उच्चारतो. तीच मैत्रीण ‘झूठ’ लिहिताना मात्र जे-एच लिहिते. हे तिला कुणी सांगितलेलं नाही. कानाने ऐकलं तसं बोटाने लिहिलं, आणि वाचणाऱ्याला झेड दिसल्याबरोबर कळतं की आता मराठी सुरू झाली.

सगळीकडे अशी खूण सापडत नाही. अकरावीत असताना एका संध्याकाळी हिचाच एसएमएस आला होता, ‘Kal classla sutti’. मी ताप आल्यामुळे आदल्या दिवशी क्लासला गेले नव्हते. मी वाचलं, काल क्लासला सुट्टी. बरं झालं, आपलं काही बुडलं नाही. दुसऱ्या दिवशी भर पावसात सायकल मारत गेले तर क्लासला कुलूप. तिने लिहिलं होतं ‘कल’, म्हणजे उद्या. मराठीतला ‘काल’ फक्त मागे बघतो, हिंदीतला ‘कल’ दोन्हीकडे, आणि रोमनमध्ये दोघांचा चेहरा एकच. एरवी क्रियापद येऊन सांभाळून घेतं. ‘सुट्टी होती’ किंवा ‘सुट्टी आहे’ एवढं असतं तरी कोडं सुटलं असतं. पण अक्षरं वाचवण्यासाठी आम्ही सगळ्यात आधी क्रियापदालाच कात्री लावायचो, आणि या मिसळीत वाक्य कोणत्या भाषेतलं, कोणत्या दिवसाचं, हे सांगायचं काम तर त्याच्याकडेच असतं. तेव्हापासून ती मला ‘udya’ असंच लिहिते. तिच्या भावाला अजून ‘kal’ लिहीत असेल.

रात्री भांडी आवरून झाल्यावर पुन्हा उत्तर लिहायला बसले. दुपारच्या देवनागरी उत्तरात काय खटकत होतं ते आता दिसत होतं. तिच्या ‘कशी आहेस’ला उत्तर होतं, ‘कॉल कर’ला उत्तर होतं, पण मधल्या रुसव्याला नव्हतं. ‘सवड मिळाली की’ म्हणून मी तो पोटात घालून मोकळी झाले होते. आणि रुसवा तिने ज्या बोलीत केला त्याच बोलीत तो काढायला हवा होता. मराठीत ‘तुला कशी विसरेन’ म्हटलं की त्याला एकदम भावगीताचा सूर लागतो, आणि तिने तर भावगीत मागितलंच नव्हतं.

इथे मला अडखळायला झालं. ‘तेरेकू’ मी लिहू का? गल्लीत खेळताना मी ते हजारदा बोललेय. पण मधल्या काळात मी अशा ठिकाणी राहिले जिथे ही बोली फक्त विनोदापुरती येते. सिनेमात, नाटकात ‘मेरेकू, तेरेकू’ म्हटलं की लोक हसतात. ऑफिसातलं कुणी ते बोलून दाखवतं तेव्हा मला आतून राग येतो, कारण त्या बोलीत मला कुणीतरी जेवायला वाढलंय, परीक्षेच्या आधी माझ्यासाठी दुवा मागितलीय. आता इतक्या वर्षांनी मीच पुण्यात बसून ‘तेरेकू’ लिहिलं तर तिला ती नक्कल वाटेल का? समोरच्याच्या बोलण्याशी आपलं बोलणं जुळवून घेणं आणि त्याची नक्कल करणं यांत फार थोडं अंतर आहे. शब्दांवरून ते कळत नाही. ते शब्द आधी कधी आपल्या तोंडात होते का, आणि ज्याला लिहितोय त्याने ते आपल्या तोंडून ऐकले आहेत का, यावरून कळतं. तिने ऐकले होते. मी लिहिलं:

Hiii ga, mi mast! Aisa nakko bol re, tereku bhoolungi kya? Saturdayla free aahe, sakali call karu ka?

‘शनिवारी’ असं आधी लिहिलं होतं. मग वाटलं, मी तिच्याशी बोलताना सॅटर्डेच म्हणते, शनिवार आमच्यात उपासापुरता. तिचा ‘हाय’ मी तीन आयसकट तसाच ठेवला. ‘नक्को’ दोघींच्या घरचा. शेवटचं ‘का’ मात्र मुद्दाम मराठी ठेवलं, कारण वेळ ठरवताना, दप्तरात काय आणायचं ते ठरवताना, आमची कामाची भाषा नेहमी मराठीच होती. पाठवून दोन मिनिटं झाली असतील नसतील, उत्तर आलं, ‘Haau. 10 nantar kar, aadhi pani yeta’. मी फोन हातात धरून हसत बसले. मिरजेचं पाणी अजून त्याच वेळेला येतं म्हणायचं.

या सगळ्यावर नाराज असलेली माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांची नाराजी मी हसण्यावारी नेत नाही. माझे वडील मराठीचे शिक्षक होते. त्यांना अशी ओळ दाखवली असती तर त्यांनी चष्मा काढून ठेवला असता. त्यांची भीती अशी की मिसळ लिहिता लिहिता माणसाला पुढे एकाही भाषेत पूर्ण बोलता येत नाही. ही भीती मला माझ्या मुलीच्या बाबतीत अधूनमधून खरी वाटते. तिला आजीला चार ओळींचं पत्र लिहायला सांगितलं तर तिसऱ्या वाक्याला ती अडते. पण मैत्रिणीचं तसं नाही, माझंही नाही. आम्हाला प्रत्येक घरात पूर्ण शिरता येतं, म्हणून एका ओळीत तिन्हींत डोकावता येतं. ओळ बघून हा फरक सांगता येत नाही. तो कळतो, मिसळ थांबवायची वेळ येते तेव्हा.

तशी वेळ आली होती. तिची अम्मी गेली त्या पहाटे तिचा मेसेज आला, ‘Ammi chali gayi’. एवढाच. ‘हाय’ नाही, ‘गं’ नाही, ‘रे’ नाही, इंग्रजीचा एक शब्द नाही, आणि ‘च’सुद्धा नाही. गल्लीतली दखनीही बाजूला ठेवून तिने स्वच्छ, सरळ वाक्य लिहिलं होतं. फोन हातात घेतला तेव्हा अर्थ कळायच्या आधी मला ते वेगळेपण जाणवलं आणि पोटात खड्डा पडला. मी लेखी उत्तर दिलंच नाही, फोन लावला. माझ्या वडिलांच्या वेळी मीही तिला असंच लिहिलं होतं, पूर्ण मराठीत, देवनागरीत, पूर्णविराम देऊन. त्यानंतर कितीतरी दिवस आमचे मेसेज एकेका भाषेतच जात राहिले. ‘जेवलीस का.’ ‘हो.’ आणि मग एका दुपारी तिने ‘Kay chalu hai ga’ असं लिहिलं. तीन शब्दांत एक ‘है’ शिरला होता. तेव्हा मला वाटलं, आता जरा बरं चाललंय तिचं.

तेव्हापासून मी माणसांच्या ओळी अशा वाचायला लागले आहे. वहिनीच्या वयाच्या, पण नात्याने नेमकं काय म्हणावं हे न ठरलेल्या एक बाई मला कायम इंग्रजीत लिहितात. त्यांना मला ‘तू’ म्हणायचंय की ‘तुम्ही’ हे ठरवायचं नाहीये, आणि इंग्रजीत ते ठरवावं लागत नाही. मला ते समजतं, मीही त्यांना तसंच लिहिते. एक सहकारी चिडला की लगेच शुद्ध मराठीत येतो, ‘आपण कृपया’पासून. पण मला अस्वस्थ करतात त्या जुन्या मैत्रिणी ज्यांच्या ओळी वर्षागणिक गुळगुळीत होत गेल्या. आधी ‘काय गं मंद, कुठे उलथलीस’ लिहिणारी आता ‘Happy birthday dear, stay blessed’ लिहिते. एक न्यू जर्सीला आहे, एक इथेच कोथरूडला. अंतराचा काही संबंध नाही. एका भाषेतली, कुणालाही पाठवता येईल अशी ओळ. तिच्यात मी कोण आहे ते कुठेच नाही, आणि लिहिणारीही नाही.

अशा ओळीला मीही बरीच वर्षं ‘थँक यू’ म्हणून पुढे जात होते. या आठवड्यात न्यू जर्सीवालीचा असाच मेसेज आला, कुठल्याशा सणाचा. मी तिला लिहिलं, ‘Thank you ga! Kiti divas zale, kahan gayab hai? Tujhya timene kadhi call karu te sang’. दोन निळ्या खुणा आल्या. दिवसभर काही नाही. दुसऱ्या दिवशी तिकडची सकाळ झाली तेव्हा तिने एक व्हॉइस नोट पाठवली, गाडी चालवताना केलेली, मागे इंडिकेटरचा टकटक आवाज. सुरुवातीला इंग्रजीत होती, मुलांच्या शाळेबद्दल. मग मध्येच कुणीतरी गाडी आडवी घातली असावी, कारण ती मिरजेच्या चौकात ऐकू येतं तसं काहीतरी बोलली, आणि पुढची नोट मराठीतच होती. कोथरूडवालीला मी अजून लिहिलेलं नाही. तिला कोणत्या शब्दाने सुरुवात करावी ते ठरत नाहीये. शाळेत ती तेलुगू बोलणाऱ्या आजीकडून शिकलेले दोन-तीन शब्द आम्हाला शिकवायची, त्यातला एखादा आठवतोय का बघतेय.